आकडा बरोबर, उत्तर चूक: रात्रीच्या तासाच्या सारांशातून सरांची खूण पुन्हा पुन्हा निसटते तेव्हा

तास नीट ऐकलेला असतो, सारांश सुवाच्य अक्षरात लिहिलेला असतो, त्यातला एकही आकडा चुकीचा नसतो, आणि तरीही त्या सारांशावरून उदाहरण सोडवायला घेतले की उत्तर भलतेच येते. माझ्या भाचीच्या बाबतीत हे एका सत्रात तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी तिने मध्यरात्री ध्वनिमुद्रण पुन्हा लावून दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढले. त्या शोधाची हकीकत मी इथे क्रमाने लिहीत आहे, कारण हा दोष तिच्या एकटीचा नाही. मी सांगलीत माती आणि पाणी तपासणीची लहानशी प्रयोगशाळा चालवतो आणि अहवाल घेऊन येणाऱ्या कृषी पदवीच्या मुलांच्या वह्यांत हाच दोष मला वर्षानुवर्षे दिसत आला आहे.

भाची तिसऱ्या वर्षाला आहे आणि आठवड्याचे सहा दिवस आमच्याकडे विश्रामबागेत राहते. तिचे घर पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. ताई आणि दाजी ऊस करतात.

पहिल्या दोन चुका थोडक्यात सांगतो. खतांच्या तासाच्या सारांशात तिने ‘डीएपी: नत्र १८, स्फुरद ४६’ असे लिहिले होते. आकडे बरोबर आहेत, पण ४६ टक्के हे मूलद्रव्य स्फुरदाचे प्रमाण नसून P₂O₅ या रूपातले आहे. मूलद्रव्याच्या हिशेबात ते सुमारे २० टक्केच भरते. उदाहरणात मूलद्रव्य विचारले होते आणि तिचे उत्तर दुपटीहून अधिक आले. दुसरी चूक ओलाव्याची होती. ‘ओलावा २५ टक्के’ एवढेच लिहून ठेवल्यामुळे तिने ३० सेंटिमीटर थरात ७५ मिलिमीटर पाणी धरले. सरांनी ते २५ टक्के वजनाने सांगितले होते आणि मातीची घनता १.२ असल्याने आकारमानाने ते ३० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर होत होते. दोन्ही वेळा तिने चुकीचे खापर घाईवर फोडले आणि पुढच्या वेळी सावकाश लिहायचे ठरवले. सावकाश लिहून हा दोष जात नाही, हे तिसऱ्या वेळी कळले.

तिसरा तास क्षारपड जमिनींचा होता. दिवसा सर शिवारात फिरतीवर असतात, म्हणून हा जादा तास त्यांनी गुरुवारी रात्री साडेनऊला ऑनलाइन घेतला. तो एक तास अठरा मिनिटे चालला. आमच्याकडे नेटचा पत्ता नव्हता, त्यामुळे भाचीला तास सुरू असताना काही ऐकता आले नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास तिने मुद्रणातला फक्त आवाज मोबाइलवर उतरवून घेतला, हेडफोन कानाला लावले आणि अंथरुणात बसून पाऊणएक तासात चौदा ओळींचा सारांश तयार केला. एक तास अठरा मिनिटांचा तास पाऊण तासात कसा ऐकून झाला, हा प्रश्न तेव्हा तिलाही पडला नाही आणि मलाही नाही. या प्रकरणातला अर्धा दोष त्या उत्तरात होता.

चौदा ओळींपैकी आपल्या कामाच्या दोन आहेत. सहावी ओळ होती: ‘खारवट जमीन: ईसी ४ च्या वर.’ सातवी होती: ‘ऊस: ईसी १.७ पर्यंत घट नाही, पुढे दर एककाला ५.९ टक्के घट.’ ईसी म्हणजे विद्युत वाहकता. मातीच्या पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त, आणि तिचे एकक डेसिसायमन प्रति मीटर. दोन्ही ओळींतले आकडे बिनचूक आहेत. ४ ची मर्यादा अमेरिकेतल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली काढलेल्या पुस्तिकेतून जगभर गेली, आणि उसाचा आकडा १९७७ च्या मास आणि हॉफमन यांच्या पीकनिहाय तक्त्यातला आहे.

शनिवारी दाजींच्या मळीच्या रानातल्या मातीचा अहवाल माझ्याच प्रयोगशाळेतून निघाला. भाचीने तो मोबाइलवर उघडला. कामाच्या दोन ओळी अशा होत्या:

```
pH (1:2.5)         8.3
EC (1:2.5) dS/m    1.62
```

तिने सारांश शेजारी ठेवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. १.६२ हे ४ च्या खाली आहे, म्हणजे जमीन खारवट नाही. १.६२ हे १.७ च्याही खाली आहे, म्हणजे उसाला काहीच घट नाही. निकाल देऊन झाल्यावर मात्र ती गप्प झाली, कारण ते रान तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. दिवाळी सरली की त्या रानाच्या सखल कोपऱ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी पापडी धरते, खोडवा विरळ निघतो, आणि पानांचे शेंडे करपून वळतात. दाजी तीन वर्षांपासून तिथे निचऱ्याची पाइपलाइन टाकायची म्हणतात आणि खर्चामुळे मागे येतात. अहवाल ‘सामान्य’ म्हणत असेल तर ते चौथ्या वर्षीही मागे येणार होते.

“मामा, तुमचं मीटर बिघडलंय,” असे तिने मला जेवताना सांगितले.

राग येण्यासारखे वाक्य होते, पण दोष शोधण्याची ही पद्धत योग्यच आहे. डोळ्यांना दिसते ते आणि कागदावर दिसते ते जुळत नसेल, तर मधल्या प्रत्येक दुव्यावर संशय घ्यायचा आणि एकेक दुवा मोकळा करत जायचे. पहिला दुवा मीटर. त्या सकाळी मी ते ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने तपासले होते. या द्रावणाची वाहकता २५ अंश सेल्सिअसला १.४१ यायला हवी आणि तेवढीच आली होती. मीटर सुटले. दुसरा दुवा नमुना. तो दाजींनी पापडी असलेल्या कोपऱ्यातूनच, वरचा पापुद्रा बाजूला सारून, वीस सेंटिमीटर खोलीपर्यंत घेतला होता. नमुनाही सुटला. “आता उरली तुझी वही,” मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो. चार कशातले, हे मी तिला तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. सांगितले नाही याबद्दल हिच्या मामीने मला नंतर ऐकवले, पण मी सांगितले असते तर तिला त्या एका आकड्याचे उत्तर मिळाले असते आणि दोष वहीत तसाच राहिला असता.

पुढचे तिने मला रविवारी सकाळी सांगितले आणि मग आम्ही दोघांनी मुद्रण पुन्हा ऐकून पडताळले.

रात्री साडेबाराला तिने तास पुन्हा लावला. सारांशाच्या कडेला तिने वेळ लिहिलेली नव्हती, त्यामुळे सहावी ओळ मुद्रणात कुठे आहे हे शोधण्यातच वीस मिनिटे गेली. शेवटी ती जागा सत्तेचाळिसाव्या मिनिटावर सापडली. पहिल्या ऐकण्यात तिला गुरुवारी ऐकले होते तेच ऐकू आले: “खारवट जमीन म्हणजे ईसी चारच्या वर. आता बघा, एकाच डब्यातली चहापूड दोन कपांत टाका...” इथे मुलांच्या हसण्याचा आवाज येतो आणि तिने गुरुवारी लेखणी खाली ठेवली ती याच जागी. बाहेर रस्त्यावरून गाळपाच्या हंगामातले ऊस भरलेले ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जात होते, तेव्हा एखादा शब्द त्या गोंगाटात बुडाला असेल असे तिला वाटले. तिने खिडकी लावून घेतली आणि तीच जागा पुन्हा ऐकली. तेच ऐकू आले.

मग तिने वेगाकडे पाहिले. वेग पावणेदोन पट होता. तो तिने साधा केला आणि तिसऱ्यांदा ऐकले. आता ‘चारच्या वर’ आणि ‘आता बघा’ यांच्या मध्ये कुठल्याशा शब्दाचा तुटका तुकडा, ‘लग’ एवढाच, कानावर आला. त्याच वेळी तिची नजर पडद्यावरच्या वेळेवर होती आणि ४७:१२ वरून आकडा एका क्षणात ४७:२१ वर गेलेला तिने पाहिला. नऊ सेकंद मधल्या मधे नाहीशी झाली होती.

माझ्या मते संपूर्ण शोधातला सर्वांत मोलाचा क्षण हा आहे. ध्वनी वाजवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये शांतता वगळण्याची सोय असते आणि तिच्या मोबाइलवर ती कधीपासून चालू होती हे तिलाही आठवत नव्हते. ही सोय शब्द ओळखत नाही. ती फक्त आवाजाची पातळी पाहते आणि ठरावीक पातळीखालचे सगळे शांतता समजून कापते. वक्ता बोलता बोलता माइकपासून दूर वळला, तर त्याचे बोलणे त्या पातळीखाली जाऊ शकते. मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यांतले अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे उतार थोडा कमी असतो, पण दिशा तीच. म्हणजे शिक्षक फळ्याकडे, टेबलाकडे किंवा हातातल्या वस्तूकडे वळून जे हळू बोलतात, नेमके तेच या सोयीच्या कात्रीत सापडते. आणि वर्गात बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे की शिक्षक खरी गोष्ट पुष्कळदा वळूनच बोलतात.

तिने शांतता वगळणे बंद केले, साध्या वेगाने ४६:५० पासून ऐकले, आणि हे ऐकू आले:

“खारवट जमीन म्हणजे ईसी चारच्या वर.” तीन सेकंद काही नाही. मग लांबून, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखे, “लगद्याच्या अर्कातली, हं.” काचेवर चमचा आपटल्याचा बारीक आवाज. पुन्हा शांतता. मग मोठ्याने, “आता बघा, एकाच डब्यातली चहापूड दोन कपांत टाका, अगदी सारखी. एका कपात पाणी बेताचं, दुसऱ्यात साडेतीन पट. दुसरा चहा पांचट लागला म्हणून पूड कमी होती, असं म्हणाल का? आमच्या प्रयोगशाळांचा कप मोठा असतो, तेवढं ध्यानात ठेवा.” हशा. “चला, उसाकडे.”

खूण एकच होती आणि ती दोन वेळा दिली होती. पहिल्यांदा दिली ती मोबाइलने कापली. दुसऱ्यांदा दिली ती पूर्ण ऐकू आली होती, पण भाचीनेच कापली, कारण सारांशात विनोद लिहायचे नसतात असा तिचा नियम होता. मला यात दुसरी कापाकापी जास्त गंभीर वाटते. मोबाइलची सोय एकदा बंद केली की बंद होते, डोक्यातली होत नाही.

आता त्या चहाच्या कपात काय होते ते सविस्तर पाहू, म्हणजे सारांशातून नक्की काय गळले ते कळेल.

मातीतले क्षार मोजायचे तर ते आधी पाण्यात यावे लागतात, आणि किती पाणी घालायचे यावर उत्तर ठरते. १९५४ च्या पुस्तिकेतली पद्धत संपृक्त लगद्याची आहे. मातीत थोडे थोडे ऊर्ध्वपातित पाणी घालत सपाट पात्याने कालवत जायचे. लगदा चकाकू लागतो, भांडे कलवले की किंचित ओघळतो, पाते वर उचलले की सहज सुटतो, आणि पृष्ठभागावर पाणी साचत नाही, तेव्हा थांबायचे. आमच्या काळ्या मातीचा लगदा पात्याला चिकटतो, म्हणून तिसऱ्या खुणेवर फार भिस्त ठेवता येत नाही. तो रात्रभर ठेवायचा, सकाळी पुन्हा पाहायचा, आणि मग निर्वात पंपाने त्यातून अर्क ओढायचा. काळ्या मातीत १०० ग्रॅमला साधारण ६० ते ८० मिलिलिटर पाणी लागते. ४ ची मर्यादा आणि उसाची १.७ ची मर्यादा, दोन्ही या अर्कासाठी आहेत.

हे काम वेळखाऊ आहे. दिवसाला पन्नास नमुने काढायचे तर लगदे कालवत बसणे परवडत नाही. म्हणून नेहमीच्या अहवालासाठी २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर पाणी घालतात, ढवळतात, माती खाली बसू देतात आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवतात. अहवालावर जे 1:2.5 छापलेले असते ते हेच प्रमाण. इथे १०० ग्रॅम मातीला २५० मिलिलिटर पाणी होते. पूड तीच, कप मोठा. या पद्धतीचे निकष वेगळे आहेत. तिच्यात वाहकता साधारण १ च्या आत असली तरच जमीन निर्धास्त मानतात, आणि दाजींचा आकडा १.६२ होता.

भाचीने रात्री दीड वाजता केलेला हिशेब वहीत आहे. लगद्याला ७० मिलिलिटर पाणी लागेल असे धरून तिने २५० ला ७० ने भागले आणि गुणक ३.५७ काढला. १.६२ गुणिले ३.५७ म्हणजे जवळजवळ ५.८. मग तिने ७० ऐवजी ६० आणि ८० घेऊनही पाहिले. ६.८ आणि ५.१ आले. म्हणजे अंदाज कुठल्याही बाजूला चुकला तरी उत्तर ४ च्या वरच राहत होते. ही शेवटची पायरी तिने स्वतःहून केली याचे मला कौतुक वाटले, कारण गृहीत धरलेला आकडा हलवून पाहिल्याशिवाय त्या उत्तरावर किती भार टाकावा हे कळत नाही.

पण या गुणाकाराला मर्यादा आहे आणि सरांच्या चहाच्या उपमेलाही तीच मर्यादा आहे. सगळे क्षार लगद्यातल्या थोड्या पाण्यातच पूर्ण विरघळलेले आहेत, पाणी वाढवल्याने नवे काही विरघळत नाही, असे गृहीत धरले तरच हा गुणाकार बरोबर ठरतो. मातीत जिप्सम असेल तर ते गृहीत मोडते. जिप्सम कमी विद्राव्य आहे. नुसत्या जिप्समच्या संपृक्त द्रावणाची वाहकता सुमारे २.२ असते आणि पाणी वाढवले की तळाचे आणखी जिप्सम विरघळत राहते. अशा मातीत मोठ्या कपातला चहा हवा तितका पांचट होत नाही आणि गुणाकार केला की फुगीर आकडा मिळतो. शिवाय मातीच्या कणांवरचे सोडियम, कॅल्शियम आणि पाण्यातले क्षार यांची अदलाबदल पाणी वाढल्यावर बदलते. म्हणून गुणाकार हा संशय घेण्यापुरता वापरावा, निकाल देण्यासाठी नव्हे.

निकालासाठी सोमवारी आम्ही लगदा केला. नमुन्यातली माती उरलेली होती. भाचीनेच कालवला आणि १०० ग्रॅमला ६८ मिलिलिटर पाणी लागले. गुणाकाराने ५.९६ यायला हवे होते. मंगळवारी सकाळी अर्क काढला आणि मीटरने ५.१ दाखवले. फरक अपेक्षित दिशेलाच होता. मग तिने सातव्या ओळीतला उसाचा नियम पुन्हा लावला: ५.१ वजा १.७ म्हणजे ३.४, गुणिले ५.९ म्हणजे सुमारे २० टक्के घट. हा तक्ता मुळांच्या संपूर्ण थरातल्या सरासरी क्षारतेसाठी आहे आणि आमचा नमुना वरच्या वीस सेंटिमीटरचा होता, तेव्हा २० टक्के हा आकडाही कोरून ठेवण्यासारखा नाही. पण ‘काहीच घट नाही’ आणि ‘पाचातला एक भाग गेला’ यांतला फरक दाजींना समजावायला तक्त्याची गरज पडली नाही. विरळ खोडवा त्यांनी पाहिलेलाच होता.

आता दुरुस्तीकडे येतो. तिन्ही चुका शेजारी ठेवल्यावर दिसले की विषय वेगवेगळे असले तरी गळलेली गोष्ट एकाच जातीची होती. ४६ टक्के, पण कुठल्या रूपातले? २५ टक्के, पण वजनाने की आकारमानाने? ४ च्या वर, पण कुठल्या अर्कात? सारांश लिहिताना हात आकडा उचलतो आणि त्याचा आधार मागे सोडतो, कारण आकडा वाक्यात ठसठशीत असतो आणि आधार बहुधा एखाद्या पुरवणीच्या शब्दात, प्रश्नात किंवा थट्टेत असतो. शिक्षकांना तो आधार इतका अंगवळणी पडलेला असतो की ते तो जोर देऊन सांगतच नाहीत.

म्हणून भाचीने पहिला बदल केला तो लिहिण्यात नव्हे, तपासण्यात. सारांश पूर्ण झाला की त्यातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘कशातला?’ असे विचारायचे. उत्तर त्याच ओळीत नसेल तर मुद्रणात त्या आकड्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट साध्या वेगाने, शांतता न वगळता ऐकायचा. बाकीचा तास हवा तर वेगाने ऐकावा. मला त्यात काही वावगे वाटत नाही, रात्री साडेअकराला सगळाच तास साध्या वेगाने ऐकायचा हट्ट धरला तर झोप लागते आणि झोपेत तर सगळ्याच खुणा गळतात. यासाठी आकड्यासमोर मुद्रणातली वेळ लिहिलेली हवी. ‘४७:१२’ एवढे लिहायला दोन सेकंद लागतात आणि शनिवारी तिची वीस मिनिटे ते नसल्यामुळे गेली.

दुसरा बदल म्हणजे वहीच्या डाव्या समासात सरांचे अर्धवट प्रश्न, उपमा आणि हशा पिकलेली वाक्ये आता ती एकेका शब्दात नोंदवते. तिथे ‘कप’ एवढेच लिहिलेले असते. तासाच्या शेवटी त्या शब्दाचा उजवीकडच्या कुठल्याच ओळीशी संबंध लागत नसेल, तर एकतर ती निव्वळ थट्टा होती किंवा उजवीकडे एक ओळ कमी आहे. दोन्ही शक्यता तपासायला मिनिटभर पुरते. निव्वळ थट्टाही बऱ्याच निघतात. सरांना क्रिकेटची आवड आहे.

या उपायाने जे सापडत नाही तेही सांगायला हवे. आवाजाच्या मुद्रणात फक्त आवाज असतो. काचेवर चमचा आपटला तेव्हा सरांनी नेमके काय दाखवले हे त्यातून कळण्याचा मार्ग नव्हता. भाचीने रविवारी दुपारी महाविद्यालयाच्या वाचनालयात जाऊन दृश्यासह मुद्रण पाहिले, तेव्हा सर टेबलाकडे वळून एका हातात लगद्याची वाटी आणि दुसऱ्या हातात पाण्याने भरलेले चंचुपात्र धरून उभे होते. ती नऊ सेकंदे पडद्यावर दोन्ही भांडी शेजारी शेजारी होती. ज्या तासात शिक्षक काही हातात धरून दाखवतात, त्याचा केवळ आवाज उतरवून घेऊ नये, किंवा निदान जिथे भांड्यांचा, खडूचा, कागदाचा आवाज येतो तिथे दृश्य उघडून पाहावे.

बुधवारी संध्याकाळी तिने सहावी आणि सातवी ओळ नव्याने लिहून मला दाखवली: ‘खारवट जमीन: संपृक्त लगद्याच्या अर्कातली ईसी २५ अंशांना ४ च्या वर, अहवालातली 1:2.5 ची ईसी इथे लावू नये (४७:१२). ऊस: त्याच अर्कातली ईसी १.७ पर्यंत घट नाही, पुढे दर एककाला ५.९ टक्के, मुळांच्या थराची सरासरी (४७:५०).’ ओळी लांबल्या होत्या, पण त्यांत आता काही गळत नव्हते. मी मान डोलावली आणि सहज खाली नजर टाकली. आठवी ओळ होती: ‘चोपण जमीन: सामू ८.५ च्या वर.’

“सामू कशातला?” मी विचारले.

तिने वहीकडे पाहिले, मग शेजारी पडलेल्या अहवालातल्या `pH (1:2.5)` कडे पाहिले, आणि काही न बोलता हेडफोन शोधायला उठली.